कोळंबीच्या शेडमधला माझा वास

आमच्या शेडमध्ये सगळ्याच बायकांना कोळंबीचा वास येतो. मिरकरवाड्याच्या धक्क्यावरून क्रेट येतात, बर्फासकट टेबलावर ओतले जातात आणि दोन्ही बाजूंना बसलेल्या आम्ही सोलायला लागतो. डोकं मोडायचं, साल ओढायची, पाठीतला काळा दोरा काढायचा, भांड्यात टाकायचं. संध्याकाळी घरी जाताना तो वास केसांत, नखांत, पिशवीतल्या डब्याच्या झाकणावर असतो. रिक्षावाले आम्हाला बसवायला कुरकुरतात. पण हा वास सगळ्यांचा असल्यामुळे कुणा एकीचा नसतो. त्याची आम्ही आपसात चेष्टा करतो, आणि त्याची लाज कुणालाच वाटत नाही.

म्हणून मला अजून नवल वाटतं, की इतक्या वासात माझा वास वेगळा कळला कसा.

मी मूळची लांज्याकडची. चौथी झाल्यावर शाळा सुटली. लग्नानंतर मुंबईला गेले, नवरा गेल्यावर परत आले ती माहेरी न जाता रत्नागिरीतच राहिले. भावाच्या घरात जागा होती, पण ती त्याच्या बायकोची होती. इथे वरच्या आळीत माझी भाड्याची खोली आहे, मागे छोटी मोरी आहे. मूलबाळ नाही. मला बोलायला जमत नाही. म्हणजे मुकी नाही, पण काय बोलायचं ते ठरेपर्यंत समोरचं माणूस दुसरीकडे बघायला लागतं. लहानपणापासून असंच आहे.

शेडमध्ये माझ्या डाव्या हाताला जी बाई बसायची ती केळशीची. सगळे तिला केळशीवालीच म्हणतात. तिला गप्प बसता येत नाही. सून, सुनेची आई, दीर, होडीवरचा जावई, कुणाच्या लग्नात वरणात मीठ नव्हतं, सगळं ती सोलता सोलता सांगायची. मी फक्त ‘हं’ म्हणायचे. कधी कधी तेवढंही नाही. तिला ते चालायचं. “तुज्याशी बोलला की पोट रिकामा होता गो,” असं ती म्हणायची. दिवसभर माझ्या कानात तिचा आवाज असायचा आणि घरी आल्यावर मी भाकरी थापताना तिच्या सुनेचा विचार करत असायचे. माझ्या आयुष्यात तेवढीच माणसं होती, तीही तिची.

माझी पाळी गेली आणि अंगातून आग निघायला लागली. बसल्या जागी छातीपासून कपाळापर्यंत गरम लाट यायची आणि दुसऱ्या क्षणी घामाने मी भिजायचे. शेडमध्ये हात बर्फात आणि अंग भट्टीत. आमचा कोट पॉलिस्टरचा, त्यावर प्लास्टिकचा एप्रन, डोक्यावर टोपी. वारा कुठूनच लागत नाही. ब्लाउज काखेत ओला तो संध्याकाळपर्यंत ओलाच.

एक दिवस केळशीवाली मॅडमना म्हणाली, “मना पंख्याखालच्या टेबलावर जागा द्या. मान दुखता हल्ली, गरम होता.” मॅडम म्हणजे आमची सुपरवायझर, तिशीतली मुलगी. तिने हो म्हटलं. केळशीवालीने आपलं स्टूल उचललं, माझ्याकडे न बघता “येते गो” म्हणाली आणि तीन टेबलं पलीकडे पंख्याखाली जाऊन बसली.

मला वाईट वाटलं, पण मान दुखते म्हणते तर दुखत असेल.

खरं काय ते कपडे बदलायच्या खोलीत कळलं. मी पडद्यामागे कोट काढत होते. बाहेर दोघी बोलत होत्या, त्यांना मी आत असल्याचं माहीत नव्हतं.

“तिच्या बाजूला बसवत नाय. कांदा सडल्यागत वास मारता.”

“अगो, अंघोळ करत नसंल. एकटी बाई, कोण बघणार हाय?”

“केळशीवाली बिचारी किती दिवस बसली.”

मी पडद्यामागे उभी राहिले. त्या गेल्यावरही राहिले. मी रोज अंघोळ करते. कधी कधी दोनदा. हे जाऊन कुणाला सांगणार?

घरी येऊन ब्लाउज नाकाला लावला. खरंच होतं. आपल्या अंगाचा वास आपल्याला येत नाही, पण उतरवलेल्या कपड्याचा येतो. कांद्यासारखा, थोडा आंबूस, थोडा बोकडासारखा. मी तो ब्लाउज पाण्यात टाकला आणि बराच वेळ मोरीच्या कडेला बसून राहिले. किती दिवस मी असा वास घेऊन तिच्या शेजारी बसत होते आणि ती आपल्या सुनेच्या गोष्टी सांगत होती.

मग मी त्या वासाच्या मागे लागले. तांबड्या साबणाने काखा घासल्या. काथ्याने घासल्या. दुकानातून जखमेवर लावायचं औषधी पाणी आणलं, ते बादलीत घालून अंग धुतलं. पावडर भरली. कांदा सोडला, लसूण सोडली, सुकट सोडली. लिंबू चोळलं. सकाळी निघताना सगळं ठीक असायचं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत वास परत यायचा. मी कोपर अंगाला चिकटवून सोलायला लागले. हात उचलायला लागू नये म्हणून भांडं अगदी जवळ घ्यायचे. माझ्या डाव्या बाजूचं स्टूल रिकामंच होतं.

शेडमध्ये शिरताना दाराशी एक टाकी असते. तिच्यात क्लोरीनचं पाणी असतं, त्यात गमबूट बुडवून आत जायचं. पुढे हातांसाठी दुसरं भांडं असतं, त्याच्यातलं पाणी सौम्य. तिथे मॅडम उभी असते आणि रोज तेच म्हणते, “बुडवा नीट, कोपरापर्यंत. जंतू मरायला हवेत.” वर्षानुवर्षं मी ते ऐकत आले. त्या पाण्याने हात धुतले की हाताला दुसरा कुठलाच वास राहत नाही. एका सकाळी हात बुडवताना माझ्या मनात आलं, जे हाताला चालतं ते काखेला का नाही चालणार? गावाकडे विहिरीत टाकतात तीच पावडर. पिण्याच्या पाण्यात चालते, कोळंबीला चालते.

बाजारातून ब्लीचिंग पावडरची पुडी आणली. पुडीवर लिहिलं होतं, पाण्यासाठी व फरशीसाठी. मला वाचता येतं. वाचलं आणि तरी केलं. शेडमध्ये माप घालायला माणूस आहे, मी आपली चमच्याने अंदाजाने घातली, आणि थोडी जास्तच घातली, कारण माझा वास जिद्दी होता. फडकं बुडवून दोन्ही काखा पुसल्या. झोंबलं. डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, झोंबतंय म्हणजे काम करतंय.

आणि वास गेला. त्या दिवशी दुपारी सुट्टीत पडद्यामागे जाऊन मी ब्लाउज हुंगला, काही नाही. संध्याकाळी हुंगला, नुसता टाकीसारखा वास. मी इतकी खूश झाले की कोपर सैल सोडून बसले. कुणाचं लक्ष नव्हतं. केळशीवाली पंख्याखाली कुणाला तरी सांगत होती, तिचा आवाज येत होता पण शब्द कळत नव्हते. मला वाटलं, दोनचार दिवसांत त्यांना कळेल, मग कुणीतरी डाव्या बाजूला येऊन बसेल.

कुणाला कळलं नाही. वास येत नाही हे कुणाला कळणार कसं? जो येतो तो कळतो.

मी सकाळ संध्याकाळ ती पावडर वापरायला लागले. काखेची कातडी आधी पांढरी पडली, मग कोरडी खरखरीत झाली, मग चिरायला लागली. खाज यायची. रात्री झोपेत खाजवायचे. आणि मजा बघा, इतकं करून वास थोडा थोडा परत यायला लागला होता. मग मी पावडर वाढवली. एक दिवस उजव्या काखेत एक गाठ लागली, दुखरी, लाल. मला वाटलं उष्णतेचं गळू आहे. त्याच्या शेजारी दुसरं आलं. मग डाव्या काखेत. मग मनगटाच्या आतल्या बाजूला एक, तिथे तर मी काही लावलंही नव्हतं. ते फुटलं आणि त्यातून पू आला.

मी त्यावर पट्टी लावून हातमोजा घातला आणि कामावर गेले. मॅडमने हात बुडवताना मोजा काढायला लावला.

“हे काय?”

“बारीक आहे.”

“बारीक नाही. वर करा बाही.” तिने पट्टी वर करून बघितली आणि दोन पावलं मागे झाली. “मावशी, अहो, हे घेऊन तुम्ही मालाला हात लावणार? ह्यातला जंतू कोळंबीत गेला तर विष सोडतो तिच्यात. मग शिजवून पण जात नाही ते. माणसं आजारी पडतात, अख्खा लॉट परत येतो. घरी जा. बरं झाल्याशिवाय आत यायचं नाही. डॉक्टरची चिठ्ठी आणा.”

“माझं टेबल?”

“सीझन आहे, मावशी. टेबल रिकामं ठेवता येतं का मला? लवकर या, बघू.”

सगळ्या बघत होत्या. मी एप्रन काढून खुंटीला लावला. बाहेर धक्क्यावर लिलावाची ओरड चालू होती. मी त्या गर्दीतून चालत गेले. माझं सगळं जग त्या एका स्टुलावर होतं आणि ते दुसऱ्या कुणाला मिळणार होतं, एवढंच डोक्यात होतं.

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढून मी कातडीच्या डॉक्टरांच्या ओळीत बसले. डॉक्टरबाई तरुण होत्या, बोलण्यावरून घाटावरच्या वाटल्या. नंबर आला तेव्हा मी मनगट पुढे केलं.

“आणखी कुठे आहेत?”

“नाही.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बसले होते ती कोपर अंगाला चिकटवूनच. “हात वर करता येतो का?”

मी पदर घट्ट धरला. बाहेरचा दरवाजा उघडा होता. त्यांनी उठून तो लावला आणि परत येऊन म्हणाल्या, “आता आपण दोघीच आहोत. दाखवा.”

दाखवलं. त्यांनी वाकून दोन्ही काखा बघितल्या. मग माझ्या ब्लाउजच्या काखेवरून त्यांनी बोट फिरवलं. ब्लाउज जांभळा होता आणि काखेत तो पिवळट पांढरा झाला होता. “हा रंग कशाने गेला?”

“साबणाने.”

“साबणाने असा जात नाही. काय लावत होतात?”

मी सांगितलं. एकदा सांगायला लागल्यावर सगळंच सांगितलं, केळशीवालीपर्यंत. इतकं सलग मी कधी कुणाशी बोलले नव्हते. वर मी म्हटलं, “माझा घाम खराब आहे हो. त्याला काही औषध द्या.”

“घामाला वास नसतो,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

मला वाटलं माझी समजूत घालतायत.

“खरंच नसतो. ताजा घाम हुंगून बघा, काही येत नाही. लहान मुलं खेळून घामाघूम होतात, त्यांच्या काखेला येतो का असा वास? नाही. मोठं झाल्यावर काखेत आणि जांघेत वेगळ्या ग्रंथी सुरू होतात. त्यांचा घाम पाण्यासारखा नसतो, थोडा दाट असतो, त्याच्यात तेलकट वगैरे गोष्टी असतात. तोही बाहेर येतो तेव्हा वास नसतो त्याला. पण आपल्या कातडीवर जंतू राहतात.”

“माझ्या?”

“सगळ्यांच्या. माझ्या पण. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. काखेत ऊब असते, ओल असते, तिथे खूप असतात. ते तो घाम खातात, पचवतात, आणि त्याच्यातून जे उरतं त्याचा वास येतो. तुमचा कांद्यासारखा वास म्हणजे त्यांच्या जेवणाचं उरलेलं.”

मी पदर काखेवर ओढला. “मग मारा ना त्यांना.”

“तेच केलंत तुम्ही,” त्या म्हणाल्या, आणि माझ्या काखेकडे बोट दाखवलं. “म्हणून ही गळवं.”

मला काही कळेना. त्यांनी विचारलं, “तुम्ही कामाला कुठे?” मी सांगितलं. “तिथे एखादं स्टूल रिकामं झालं तर काय होतं?”

“कोणीतरी येऊन बसतं,” मी म्हटलं. माझा आवाज बारीक झाला असावा, कारण त्या थांबल्या.

“तसंच. हे जे आपले नेहमीचे जंतू आहेत ते सगळी जागा अडवून बसलेले असतात. मिळेल ते खातात, दुसऱ्याला काही उरू देत नाहीत. त्यांच्यामुळे कातडी किंचित आंबट राहते, ती बाहेरच्यांना मानवत नाही. त्यांतले काही तर बाहेरच्याला मारणारा रस पण सोडतात. वास येतो ही त्यांची खोडी, पण ते राखण पण करतात. तुम्ही पावडर लावली, ते मेले. ती पावडर तीव्र असते, आंबटपणा घालवते, कातडी चिरते. जागा रिकामी, दार उघडं. गळवं करणारा जंतू बऱ्याच जणांच्या नाकात असतो, बोटांवर असतो. एरवी त्याला शिरकाव मिळत नाही. तुम्ही खाजवलंत, तो आत गेला. त्याच नखांनी मनगट खाजवलंत, तिथेही गेला.”

“पण मग वास परत का आला?”

“केसांच्या मुळाशी, खोल, थोडे उरलेच होते. ते परत वाढले. ते काही जात नाहीत पूर्ण. आणि गेले तर बरं नाही, हे बघितलंत तुम्ही.”

शेजारच्या खोलीत त्यांनी मोठं गळू चिरून साफ केलं. त्यातला पू कापसाच्या काडीवर घेऊन तपासायला पाठवला. दुखलं, पण त्यांनी खांद्यावर हात ठेवला होता. माझ्या अंगाला कुणी हात लावून किती दिवस झाले होते, ते मला तिथे आठवलं आणि मी दुसरीकडे बघितलं.

गोळ्या दिल्या. मध्येच बरं वाटलं तरी सगळ्या संपवायच्या, असं दोनदा सांगितलं. पावडर फेकून द्यायची. साध्या साबणाने अंघोळ, घासायचं नाही, मग काखा नीट कोरड्या करायच्या. केस कात्रीने बारीक ठेवायचे, ओल कमी धरते. ब्लाउज सुती घालायचा, रोज बदलायचा, गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवायचा, कारण जंतू कपड्यातही राहतात. कातडी पूर्ण भरल्यावर हवी तर तुरटी ओली करून फिरवायची, आधी नाही.

“मग वास जाईल?”

“कमी होईल. थोडा राहील. पाळी जाताना घाम वाढतो, तो काही दिवसांनी बसेल. दुपारी एकदा पाण्याने धुवून ब्लाउज बदललात तर बाजूच्या बाईला त्रास होणार नाही.”

मला ‘जाईल’ असं ऐकायचं होतं.

घरी बसणं फार अवघड गेलं. गळवं शेकायची, पट्टी बदलायची, गोळी घ्यायची, ह्यात किती वेळ जातो? खोलीत मी उठले तर उठल्याचा आवाज व्हायचा आणि बसले तर बसल्याचा. तोंडात शब्द नाही. दुकानात साखर मागताना माझा आवाज फाटका निघाला, इतके तास तो वापरलाच नव्हता. दुपारी पडल्या पडल्या मी त्या जंतूंचा विचार करायचे. मी एकटी एकटी म्हणत होते आणि काखेत ही एवढी वस्ती. मी जे टाकून देते ते खाऊन राहणारी. त्यांना मी घासलं, भाजलं, विष घातलं. आणि आता वाट बघत होते, की ते परत येऊन बसावेत, त्या गळवं करणाऱ्या दुसऱ्याच्या आधी. हसू पण यायचं. पण हसून सांगणार कुणाला?

एका संध्याकाळी दारात आवाज आला. “काय गो, मेलीस काय बघायला आले.”

केळशीवाली होती. हातात डबा. ती उंबऱ्यावरच बसली, आत आली नाही, आणि मी तिला आत ये म्हणायचं विसरले.

“मॅडम सांगत व्हती, हाताला फोड आलेत. दाखव.” मी दाखवलं. “अगो बाय! कसले जाले?”

मी पट्टी परत गुंडाळायला लागले. नेहमीसारखी ती पुढे बोलत राहील असं मला वाटलं. सूनबाईचं काही, जावयाचं काही. पण ती गप्प राहिली. तिला गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. मग माझ्याच तोंडून निघालं, “तू उठलीस का माझ्या बाजूची?”

तिने डब्याच्या झाकणावर नखाने रेघ मारली. “मान दुखत व्हती.”

“मान नव्हे.”

“वास मारत व्हता तुजा,” ती म्हणाली. “दुपारचा जेवण पोटात ऱ्हायना. काय करू मी? तुला दुखावायचा नाय म्हणून पंखा सांगितला.”

“सांगायचंस ना मला.”

“कसा सांगायचा?” ती एकदम चिडली. “तू बोलतंस काय कुणाशी? दुसरी असती तर मी म्हटला असता, भवाने, जा तोंड धू नि काखा धू. ती मना दोन शिव्या देती, झाला. तुला म्हटला तर तू काय करशील? एक अक्षर बोलणार नायस, नि घरी येऊन जीव देशील. भीती वाटता तुजी.”

माझी भीती वाटते हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी तिला पावडरीचं सांगितलं. ती ऐकताना तोंडाला पदर लावून बसली.

“टाकीतला?” ती म्हणाली. “बूट बुडवतंव तसला? काखेत?” आणि हसायला लागली, मग डोळे पुसायला लागली, ते हसून का कशाने ते मला कळलं नाही. “येडी गो येडी. मना विचारायचा.”

जाताना ती म्हणाली, “तुज्या जागेवर पोरगी बसवलेली हाय. आंजर्ल्याची. हात चलाख हाय तिचा. सांगून ठेवते, मग वाईट वाटायला नको.” डब्यात बांगड्याचं तिखलं होतं. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, नंतरही आली नाही. तिला घर आहे.

डॉक्टरबाईंनी तपासून चिठ्ठी दिली तेव्हा काखेतले व्रण तांबूस होते आणि कातडी परत मऊ झाली होती. मी सुती ब्लाउज घातला, दुसरा पिशवीत घेतला आणि कामावर गेले. मॅडमने हात उलटे सुलटे करून बघितले. “ठीक आहे. पण तुमचं टेबल भरलंय, मावशी. तिकडे बर्फाच्या मशीनजवळ डोकी मोडायचं टेबल आहे, तिथे बसाल?”

बर्फाच्या मशीनजवळ आवाज इतका असतो की शेजारचं बोलणं ऐकू येत नाही. तिथे नव्या बायकांना बसवतात, किंवा ज्यांना कुठेच बसवता येत नाही त्यांना. मी जाऊन बसले. जागा तर मिळाली होती. आंजर्ल्याची पोरगी माझ्या स्टुलावर बसून मान खाली घालून सोलत होती, हात खरंच चलाख होता. तिच्या डाव्या बाजूला पण बाई येऊन बसली होती.

जेवणाच्या सुट्टीत सगळ्या भिंतीला टेकून डबे उघडून बसतात. मी एरवी टोकाला बसते. त्या दिवशी पण टोकालाच बसले. पण उठताना उभी राहिले आणि बोलले. आधी काही ठरवलं नव्हतं, ठरवलं असतं तर झालं नसतं.

“माझ्या अंगाला वास येतो,” मी म्हटलं. “मी अंघोळ करते. तरी येतो, दुपारनंतर जास्त. डॉक्टर म्हणाल्या, थोडा राहणार. आला तर मला सांगा. मी धुवून येईन.”

कुणी जेवायचं थांबलं, कुणी नाही. मशीन चालू होतं म्हणून दुसऱ्या टोकाच्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. पडद्याबाहेर बोलणाऱ्या दोघींतली एक पाण्याची बाटली तोंडाला लावून बसली ती खाली करेना. मग एक म्हातारी म्हणाली, “आमच्या घरच्या घोवाला पण सांग गो जाऊन, काखा धू म्हणून.” चारजणी हसल्या. बस्स. हात धुवून सगळ्या आत गेल्या.

त्यानंतर काही मोठं बदललं नाही. मी बर्फाच्या मशीनजवळच आहे. शेजारी बसणाऱ्या बायका बदलत राहतात, नावं कळेपर्यंत दुसरीकडे जातात. घरी खोली तशीच आहे. दुपारी मी काखा धुते, ब्लाउज बदलते, संध्याकाळी उतरवलेला ब्लाउज हुंगते. वास असतो, थोडा. आता तो मला पूर्वीइतका परका वाटत नाही. असेनात का ते जंतू बसलेले.

परवा दुपारी मशीन बंद पडलं आणि शेड एकदम शांत झालं. त्या शांततेत पंख्याखालून आवाज आला, सगळ्या शेडला ऐकू जाईल असा. “ए लांजेवाले! येता गो वास! जा, धुवून ये!”

सगळ्या हसल्या. माझं तोंड तापलं, कान तापले. मी मान खाली घालून उठले, शेडमागच्या मोरीत गेले, काखा धुतल्या, कोरड्या केल्या, ब्लाउज बदलला. परत येताना मी तिच्या टेबलाजवळून गेले. “आता?” मी विचारलं.

“आता बरा हाय,” ती म्हणाली आणि कोळंबीवरून डोळे उचलले नाहीत.

मी माझ्या जागेवर जाऊन बसले आणि डोकी मोडायला लागले. मशीन पुन्हा सुरू झालं. तेव्हा मला सुचलं की तिचं टेबल माझ्यापासून शेडच्या दुसऱ्या टोकाला आहे, मध्ये एवढी कोळंबी, एवढा बर्फ, आणि तिच्या डोक्यावरचा पंखा वारा माझ्याकडे ढकलतो. माझा वास तिथपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं.